दीडशे पानांचा करार आणि मधल्या पानांवर हरवलेलं भाडं

प्रश्न: मी गिरगावात एका वकिलांच्या ऑफिसात पुनर्विकासाची कामं बघते. सोसायटीचा विकास करार, पूरक करार, सभांची इतिवृत्तं, विकासकाची पत्रं असे मिळून दीडशेच्या वर पानांचे कागद एआय मॉडेलच्या एकाच प्रॉम्प्टमध्ये टाकते. सगळ्या सूचना आणि प्रश्न वर लिहिते, खाली कागद. तरी मधल्या कागदांतल्या गोष्टी सुटतात. सूचना वर ठेवू, खाली ठेवू, की दोन्हीकडे? आणि महत्त्वाचं कलम नेमकं कुठे ठेवायचं?

उत्तर:

कागद वर आणि प्रश्न सगळ्यात खाली, ही पहिली दुरुस्ती. कागदांच्या आधी दोन-चार ओळी ठेवा. त्यांत हे कागद कसले आहेत आणि विरोध असेल तर कोणता कागद मानायचा, एवढंच असावं. तो मानण्याचा नियम शेवटी, प्रश्नाच्या जवळ, पुन्हा लिहा. ज्या कलमावर उत्तर अवलंबून आहे तो कागद मधून उचलून शेवटाकडे आणा. आणि उत्तर मागण्याआधी संबंधित कलमं शब्दशः उतरवून मागा. तुमचा त्रास बहुतेक एवढ्यावर कमी होईल. पण हे का चालतं ते कळलं नाही, तर पुढच्या फायलीला पुन्हा अडाल, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

मी अंधेरीत कागदपत्रांवर चालणारी साधनं बांधायचं काम करतो आणि पुनर्विकासाच्या फायली माझ्याकडे बऱ्याच येतात. तुमच्यासारखीच एक फाइल सांगतो. मुलुंडकडच्या एका सोसायटीची होती. सुरुवातीला इंग्रजीतला मुख्य विकास करार, शंभरावर पानांचा. त्यानंतर नऊ पानांचा पूरक करार, मग मराठीतली तीन इतिवृत्तं आणि शेवटी विकासकाची पत्रं. सूचना आणि प्रश्न सगळ्यात वर. प्रश्न साधा होता: ४५० चौरस फुटांच्या घराला दुसऱ्या वर्षी दरमहा भाडं किती?

मुख्य करारात दर होता चौरस फुटाला ७५ रुपये आणि बारा महिन्यांनी दहा टक्के वाढ. म्हणजे पहिल्या वर्षी ३३,७५० आणि दुसऱ्या वर्षी ३७,१२५. मॉडेलने हेच उत्तर दिलं, कलमाच्या क्रमांकासकट, हिशोब मांडून. पण पूरक करारात दर बदलून ८२ झाला होता, दहा टक्क्यांची वाढ तशीच होती. खरं उत्तर ४०,५९०. एका घरामागे महिन्याला ३,४६५ रुपयांचा फरक. चुकलेलं उत्तर गबाळं असतं तर कोणी तरी थांबलं असतं. ते नीटनेटकं होतं, क्रमांक खरा होता, गुणाकार बरोबर होता, म्हणून सही व्हायच्या दोन दिवस आधीपर्यंत कोणाला शंका आली नाही. सोसायटीच्या खजिनदार काकांनी पूरक कराराची झेरॉक्स काढून टेबलावर ठेवली तेव्हा कळलं.

आता यात मॉडेलचं काय चुकलं? पूरक करार त्याच्यासमोर होता, पण मध्ये. २०२३ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इतरांसोबत हे मोजून दाखवलं. त्यांनी प्रश्नासोबत वीस उतारे दिले. त्यातल्या एकातच उत्तर होतं, आणि तो उतारा ते कधी पहिला, कधी मधला, कधी शेवटचा ठेवत गेले. जीपीटी-३.५-टर्बो या मॉडेलला उतारा पहिला असताना ७५ टक्क्यांच्या आसपास उत्तरं बरोबर आली, शेवटचा असताना ६३ च्या आसपास आणि दहावा असताना ५४ च्या आसपास. गंमत म्हणजे एकही उतारा न देता, नुसत्या पाठ ज्ञानावर, तेच मॉडेल ५६ टक्के बरोबर सांगत होतं. म्हणजे मधोमध ठेवलेल्या कागदाने मदत होण्याऐवजी किंचित तोटाच झाला. आलेख काढला तर दोन्ही टोकं वर आणि पोट खाली.

सोसायटीच्या सर्वसाधारण सभेला जे बसलेत त्यांना ही आकृती ओळखीची वाटेल. मागील इतिवृत्ताला मंजुरी देताना सगळे जागे असतात, आयत्या वेळच्या विषयांना पुन्हा जागे होतात. माणसांचं आणि मॉडेलचं कारण अर्थातच वेगळं आहे.

मॉडेलच्या बाजूने दोन-तीन गोष्टी एकत्र येतात. ही मॉडेलं डावीकडून उजवीकडे वाचतात, आणि प्रत्येक शब्द फक्त आपल्या आधीच्या शब्दांकडे बघू शकतो. त्यामुळे अगदी सुरुवातीचे शब्द पुढच्या प्रत्येक शब्दाला दिसतात आणि त्यांच्याकडे लक्ष साचतं. २०२३ मध्येच दुसऱ्या एका अभ्यासात असं दिसलं, की पहिले काही टोकन, म्हणजे मॉडेल वाचतं ते शब्दांचे तुकडे, अर्थाने फालतू असले तरी मॉडेल त्यांच्यावर भरपूर लक्ष ओततं. दुसऱ्या टोकाला, उत्तर लिहिताना जे शब्द अगदी जवळ आहेत त्यांचा प्रभाव जास्त पडतो. शब्दांमधलं अंतर मोजायची जी पद्धत बऱ्याच मॉडेलांत वापरतात, ती लांबच्या शब्दांचा जोर कमी करायच्या बाजूने झुकलेली असते. शिवाय प्रशिक्षणातल्या मजकुरात पुढचा शब्द ओळखायला बहुतेक वेळा जवळचंच वाक्य पुरतं. मधल्या पानांना यातला कुठलाच फायदा मिळत नाही.

याच डावीकडून-उजवीकडे वाचण्यातून तुमच्या वर-खाली प्रश्नाचं अर्धं उत्तर निघतं. वर लिहिलेली गोष्ट मॉडेलला कागद वाचताना माहीत असते. खाली लिहिलेली गोष्ट वाचताना माहीत नसते, पण उत्तर लिहिताना ताजी असते. म्हणून ज्या सूचनेमुळे कागद वाचण्याची पद्धत बदलते ती वर हवी: पूरक करार मुख्य करारावर मात करतो, भाड्याला कागदात कोणते शब्द वापरलेत, वगैरे. उत्तर कसं द्यायचं, कोणत्या भाषेत, किती लांब, हे खाली. आणि प्रश्न खालीच, कारण दीडशे पानांच्या पलीकडे ठेवलेला प्रश्न उत्तर लिहायच्या वेळी फार दूर पडतो.

मॉडेलं बनवणाऱ्या कंपन्यांचे सल्ले यात तंतोतंत जुळत नाहीत, हेही सांगून ठेवतो. अँथ्रोपिक लांब कागद वर आणि प्रश्न शेवटी ठेवायला सांगते. ओपनएआयने जीपीटी-४.१ बरोबर दिलेल्या मार्गदर्शनात सूचना कागदांच्या आधी आणि नंतर, दोन्हीकडे ठेवणं सगळ्यात चांगलं म्हटलंय, आणि एकदाच ठेवायच्या असतील तर वर. दोन्हींत बसेल अशी मांडणी म्हणजे नियम वर, तोच नियम थोडक्यात खाली, आणि प्रश्न खाली. मी तीच वापरतो.

पण मुलुंडच्या फायलीत जागा हे एकच कारण नव्हतं, आणि तुमच्याकडेही बहुधा नसेल. मुख्य करारात शब्द होता ‘रेंट’. पूरक करारात तीच रक्कम ‘डिसप्लेसमेंट कॉम्पेन्सेशन’ या नावाने आली होती. आमचा प्रश्न मराठीत, ‘भाडं’. तीन नावं, एकच पैसा. मुंबईतल्या पुनर्विकासाच्या कागदांत हे रोजचं आहे. प्रश्नाचे आणि कलमाचे शब्द जुळत असतील तर मधल्या पानावरचं कलमही आजची मॉडेलं सहज काढतात. मोठ्या मजकुरात एक विचित्र वाक्य लपवून ते शोधायला लावायची जी प्रसिद्ध चाचणी आहे, तिच्यात नवी मॉडेलं जवळजवळ पैकीच्या पैकी मिळवतात. म्हणूनच ‘मधल्या भागाची अडचण आता संपली’ असं बरेच जण म्हणतात. पण शब्द जुळत नसले, अर्थावरून जोडणी करायची असली, की मजकूर वाढेल तशी पकड सुटत जाते. त्यात जवळपास तसंच दिसणारं जुनं कलम आधीच्या पानांवर बसलेलं असलं, की मॉडेल त्याच्यावरच थांबतं. ‘रेंट’ लिहिलेलं कलम सापडलं, हिशोब झाला, पुढे शोधायची गरजच पडली नाही.

त्यामुळे आधी निदान करा. मी त्या फायलीवर क्रमाने काय केलं ते सांगतो.

सगळ्यात आधी, कागद खरोखर आत गेलाय का ते बघितलं. पूरक कराराचं अमुक कलम जसंच्या तसं उतरव, असं मागितलं. हे वगळू नका. नोंदणीचे शिक्के मारलेली पानं बरेचदा नुसती चित्रं असतात, त्यात मजकूर नसतोच. काही साधनं तर मोठी फाइल पूर्ण देतच नाहीत, तुकडे करून त्यातले थोडेच मॉडेलपुढे ठेवतात. अशा वेळी वर-खाली करून काहीच हाती लागणार नाही. आमचं कलम बरोबर उतरून आलं, म्हणजे कागद आत होता.

मग फक्त पूरक करार आणि प्रश्न दिला. उत्तर बरोबर. म्हणजे मॉडेलला ते इंग्रजी कळतंय, हिशोबही येतोय.

मग सगळे कागद परत घातले आणि फक्त पूरक करार उचलून सगळ्यात शेवटी ठेवला. बाकी अक्षर बदललं नाही. उत्तर बरोबर आलं. इथे जागेचा दोष पक्का झाला.

शेवटी पूरक करार परत मध्ये ढकलला आणि प्रश्नात ‘भाडं’ऐवजी ‘डिसप्लेसमेंट कॉम्पेन्सेशन’ लिहिलं. बहुतेक वेळा बरोबर, कधी चूक. म्हणजे शब्दांचा दोषही होता, आणि दोन्ही मिळून घोळ झाला होता. प्रत्येक पायरी एकदाच चालवून निष्कर्ष काढू नका. तोच प्रॉम्प्ट पाच-सहा वेळा चालवा, कारण असं उत्तर कधी बरोबर येतं, कधी चुकतं, आणि नेमकं बरोबर आलेलं बघून आपण उठतो.

यानंतर जी मांडणी ठरली ती अशी. कागदांचा मजकूर अर्थात इथे देत नाही.

```
खाली एका सोसायटीच्या पुनर्विकासाचे कागद आहेत.
पूरक करार आणि मुख्य करार यांत विरोध असेल तर पूरक करार मान.
"rent" आणि "displacement compensation" म्हणजे एकच रक्कम.

<doc name="मुख्य विकास करार"> ... </doc>
<doc name="विकासकाची पत्रे"> ... </doc>
<doc name="इतिवृत्ते"> ... </doc>
<doc name="पूरक करार"> ... </doc>

आधी प्रत्येक कागदातली भाड्याची कलमं शब्दशः उतरव,
कागदाचं नाव आणि कलम क्रमांकासह. नसतील तर "नाही" लिही.
विरोध असेल तर पूरक करार मान. मग हिशोब कर.
प्रश्न: ४५० चौ. फुटांच्या घराला दुसऱ्या वर्षी दरमहा भाडं किती?
```

कागदांचा क्रम तारखेप्रमाणे नाही, हे लक्षात आलं असेल. आपल्याला फाइल तारखेने लावायची सवय असते, पण इथे ती सोडा. ज्यावर उत्तर ठरतं ते दोन कागद दोन टोकांना, आणि पत्रं-इतिवृत्तं पोटात. प्रत्येक कागदाला नावाची खूण आहे ती उगाच नाही. पूरक करार मान असं म्हणताना कोणता मजकूर पूरक करारातला, हे मॉडेलला तिथल्या तिथे कळायला हवं.

यातलं सगळ्यात कामाचं वाक्य म्हणजे कलमं उतरवून मागणं. मॉडेल जे लिहितं तेही पुढच्या शब्दांसाठी संदर्भच बनतं. कलम उतरवलं की ते मधल्या पानावरून उठून थेट शेवटाला येतं, हिशोबाच्या अगदी जवळ. जुनं आणि नवं कलम एकाखाली एक आलं की विरोधही डोळ्यांसमोर येतो, मॉडेलच्या आणि तुमच्याही. ‘नसतील तर नाही लिही’ यामुळे प्रत्येक कागदावर थांबावं लागतं, पहिलं सापडलेलं घेऊन पळता येत नाही. या युक्तीचं एक गाजलेलं उदाहरण आहे. अँथ्रोपिकच्या क्लॉड २.१ या मॉडेलवर ती लपवलेल्या वाक्याची चाचणी केली तेव्हा यश २७ टक्के होतं. उत्तराच्या तोंडी ‘संदर्भातलं सर्वांत संबंधित वाक्य असं आहे’ या अर्थाचं एकच वाक्य घातल्यावर ते ९८ टक्क्यांवर गेलं. कागद तेच, जागा तीच, आधी शोधून लिहायला लावलं इतकंच. उतरवलेलं कलम मूळ कागदात शोधून पडताळायला मात्र विसरू नका. शब्द सापडला नाही, तर पुढचं उत्तर वाचायचीही गरज नाही.

आता महत्त्वाच्या गोष्टी शेवटी ठेवण्यातला धोका. मुलुंडनंतर आमच्याकडच्या एका मुलाने उत्साहाने प्रश्नाच्या वर ‘लक्षात ठेव’ असं लिहून खाली आठ-दहा आकडे टाकले. त्यात एक ओळ होती, भाडं ८२ रुपये. घरांना ते बरोबर होतं. पण तळमजल्यावरच्या दुकानांचा दर करारात वेगळा होता. दुकानाबद्दल विचारलं तरी उत्तर ८२ नेच यायला लागलं. जवळची ओळ जड पडते म्हणून आपण ती तिथे ठेवतो, मग ती चुकीची असली तरी तितकीच जड पडते, आणि मागच्या पानावरचं खरं कलम तिच्यापुढे टिकत नाही. म्हणून शेवटी आकडे लिहू नका, बोट दाखवा: ‘भाड्यासाठी पूरक कराराचं कलम ४ आणि मुख्य कराराचं भाड्याचं परिशिष्ट, दोन्ही बघ.’ आकडा कागदातूनच येऊ दे.

शेवटचा भाग लांबवूही नका. तीस सूचनांची यादी प्रश्नाखाली लावली, की त्या यादीलाही स्वतःचं पोट तयार होतं आणि पंधराव्या सूचनेचं तेच होतं जे पूरक कराराचं झालं. माझ्या अंदाजाने आठ-दहा ओळींच्या वर गेलात तर काही तरी काढून टाकायची वेळ आलीय.

खर्चाचं थोडक्यात. एकाच फायलीवर तुम्ही दिवसभरात तीस-चाळीस प्रश्न विचारत असाल, तर प्रश्न खाली ठेवायला आणखी एक कारण आहे. बऱ्याच सेवा प्रॉम्प्टचा सुरुवातीचा न बदललेला भाग साठवून ठेवतात आणि पुढच्या वेळी त्याचे कमी पैसे लावतात. पण सुरुवातीपासून तो अक्षरशः सारखा हवा. तुम्ही प्रश्न सगळ्यात वर ठेवता, त्यामुळे प्रत्येक नव्या प्रश्नाला दीडशे पानं पुन्हा पहिल्यापासून मोजली जातात. वर फक्त कायमचे नियम, बदलणारं सगळं खाली, असं केलंत की हेही सुटेल. तारीख किंवा सभासदाचं नाव वर लिहायची सवय असेल तर तीही खाली न्या.

इतिवृत्तांबद्दल एक सांगायचं राहिलं. मराठी मजकुराला इंग्रजीपेक्षा सहसा बरेच जास्त टोकन लागतात. त्यामुळे तीन इतिवृत्तं पानांनी थोडी दिसली तरी मॉडेलच्या हिशोबात बरीच जागा खातात, आणि त्यांच्या आधी आलेला कागद प्रश्नापासून तेवढा लांब जातो. भाड्याच्या प्रश्नाला मागच्या वर्षीच्या पाण्याच्या टाकीची चर्चा लागत नाही. ती काढाच. त्याच स्टॅनफर्डच्या अभ्यासात वीसऐवजी पन्नास उतारे दिल्यावर जीपीटी-३.५-टर्बोच्या अचूकतेत जेमतेम दीड टक्क्याची भर पडली होती. जास्तीचे कागद फारसं देत नाहीत, पण पोट वाढवतात. फक्त काढताना ज्या सभेत पूरक कराराला मंजुरी मिळाली ते इतिवृत्त चुकून काढू नका, दर नेमका कधीपासून लागू ते तिथे लिहिलेलं असू शकतं.

गप्पांच्या खिडकीत एकामागून एक प्रश्न विचारत असाल, तर सकाळी दिलेला नियम दुपारपर्यंत मध्ये गेलेला असतो. वीसेक प्रश्नांनंतर उत्तरं सैल वाटू लागली की नवी खिडकी उघडा, किंवा नियमाच्या दोन ओळी प्रश्नासोबत पुन्हा चिकटवा.

आणि जिथे हे सगळं पुरत नाही अशी जागा म्हणजे ‘करारातल्या सगळ्या मुदती काढून दे’ यासारखा प्रश्न. इथे उत्तर एका कलमात नाही, चाळीस ठिकाणी विखुरलंय. कोणता कागद टोकाला ठेवणार? सगळं काही टोकाला मावत नाही. अशा कामाला करार पंधरा-वीस पानांच्या तुकड्यांत कापा, कलमाच्या मध्ये नाही, कलम संपेल तिथे. प्रत्येक तुकड्याला तोच प्रश्न वेगवेगळा विचारा, आणि आलेल्या याद्या एकत्र करून शेवटी फक्त त्यांच्यावर विरोध शोधा. व्याख्यांचं कलम मात्र प्रत्येक तुकड्याच्या वर जोडा. नाही तर ‘सदर मुदत’ म्हणजे कुठली मुदत हे सातव्या तुकड्याला कळणारच नाही.

तुमच्याकडे बंद झालेल्या दोन-तीन जुन्या फायली असतीलच. ज्यांची उत्तरं तुमच्या वकीलसाहेबांनी स्वतः काढली आहेत असे पंधरा-वीस प्रश्न त्यांतून निवडा, निम्मे तरी पूरक करारातले, आणि आधी जुन्या मांडणीवर, मग या मांडणीवर चालवून बघा. मॉडेल बदललं की तेच प्रश्न पुन्हा चालवा. माझ्याकडच्या त्या यादीत दुकानाच्या भाड्याचा प्रश्न अजून पहिला आहे.